डिलिव्हरीची तारीख चुकली की माफीचा मेल कसा लिहायचा, एक खरा मेल उलगडून

आमच्याकडं बेळगावात उद्यमबागेत जॉबवर्कची छोटी मशीनशॉप असली की माल वेळेवर न जाण्याचा प्रसंग वर्षातनं दोन-चारदा येतोच, आणि दरवेळी ऑफिसमधला एकजण खाली मान घालून तोच मेल टाईप करतो, "काही अपरिहार्य कारणांमुळे" वाला. मी डिस्पॅच आणि पत्रव्यवहार बघतो, असले मेल मी स्वतः पण कित्येक पाठवलेत, आणि त्याचं उत्तर काय येतं ते पण मला माहीत आहे: दहा मिनिटांत फोन, "ते सगळं ठीक आहे ओ, माल कधी देणार ते सांगा." म्हणजे मेलमध्ये जे हवं होतं तेच नव्हतं. म्हणून इथं एकच केस घेतो, गणपतीनंतरची, आणि तो मेल कसा बदलला ते एकेक टप्प्यानं सांगतो. कारखाना सोडून दुसऱ्या कामात असाल तरी चालेल, शिलाई असो, छपाई असो, भाषांतर असो, आकडे तेवढे तुमचे घाला.

केस अशी. कोल्हापूरकडचा कस्टमर, कास्टिंग त्यांचं, मशीनिंग आमचं. ३०० बेअरिंग हाऊसिंग, बोअर म्हणजे आतलं भोक ६२ मिमी, एच-सेव्हन फिट, म्हणजे बोअर ६२.००० ते ६२.०३० च्या आतच बसला पाहिजे. तारीख होती गुरुवार, ११ सप्टेंबर. गुरुवारी दुपारी मोजलं तर पास झालेले नग १६०. ३४ नगांचा बोअर लहान निघालेला, ६ नगांचा मोठा, आणि १०० कास्टिंग अजून मशीनवर चढलीच नव्हती. झालं काय तर बोरिंगची टिप बदलल्यावर पहिला पीस बोअर गेजनं तपासायचा असतो, तो तपासला नाही, ३४ पीस लहान गेले, ते लक्षात आल्यावर मशीनला ऑफसेट म्हणजे दुरुस्तीचा आकडा दिला तो जास्त दिला आणि पुढचे ६ मोठे गेले. लहान बोअर परत कापून बरोबर करता येतो, मोठा झाला की ते कास्टिंग गेलंच. आणि दुसरी पाळी आठ दिवस बंद, कारण खानापूर आणि चंदगडकडची पोरं गणपतीला गावाकडं गेलेली.

आमच्या ऑफिसमधल्या पोरानं लिहिलेला मेल असा होता:

> नमस्कार सर,
> काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या मालाला थोडा उशीर झाला आहे. गणपतीमुळे कामगार सुट्टीवर होते तसेच लाईटचाही प्रॉब्लेम होता व काही नगांमध्ये क्वालिटी इश्यू आल्याने माल वेळेत तयार होऊ शकला नाही. आपल्याला काही त्रास झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत. उर्वरित माल लवकरात लवकर पाठवण्याचा आमचा प्रयत्न राहील. सहकार्य असावे.

वाचायला नम्र आहे, शुद्ध आहे, आणि कामाचा एक पण शब्द नाही. तरी ह्यावर लगेच लाल पेन चालवू नका. पहिलं काम मेलचं नाहीच, पहिलं काम खाली शॉपमध्ये जाऊन मोजायचं. तारीख हातात नसताना माफी लिहायला बसलं की "लवकरात लवकर" आपोआप लिहिलं जातं, कारण दुसरं लिहायला काही नसतंच.

तर तारीख काढू. न कापलेले १०० नग, एकाला लावणं-काढणं धरून ९ मिनिटं, म्हणजे ९०० मिनिटं, १५ तास. लहान बोअरचे ३४ नग, त्यांना कापायचं थोडंच आहे पण परत बांधताना डायल लावून सेंटर मिळवावं लागतं नाहीतर बोअर तिरका जातो, म्हणून एकाला ५ मिनिटं, सगळे मिळून साधारण ३ तास. एकूण १८ तास मशीन चाललं पाहिजे. आता इथं लोक हमखास चुकतात, ८ तासांची पाळी म्हणून १८ ला ८ नं भागतात आणि सव्वादोन दिवस म्हणून मोकळे होतात. पाळी ८ तासांची असली तरी जेवण, चहा, टिप बदलणं, चिप काढणं, अधनंमधनं लाईट जाणं हे सगळं जाऊन आमच्याकडं मशीन खरं चालतं साडेसहा तास. हा आकडा अंदाजानं घेऊ नका, मागच्या आठवड्याच्या प्रॉडक्शन रजिस्टरमधनं घ्या, किती नग निघाले गुणिले सायकल टाईम, तेच खरं. १८ भागिले साडेसहा म्हणजे पावणेतीन पाळ्या. दुसरी पाळी अजून सुरू नाही, म्हणून शुक्रवार, शनिवार, सोमवार. रविवार धरलेला नाही, रविवारी येतो म्हणणारे सगळे येतातच असं नाही.

सोमवारी कटिंग संपलं की मंगळवार तपासणी, डिबरिंग, ऑईल लावून पॅकिंग. मंगळवारी संध्याकाळी गाडी, बुधवारी सकाळी माल कोल्हापुरात. मग मेलमध्ये बुधवार लिहायचं का? नाही, गुरुवार लिहायचा. एकदा चुकल्यावर दुसरी तारीख चुकली तर पहिल्या माफीची पण किंमत जाते, म्हणून एक दिवस हातात ठेवायचा. पण एकच. पोरगा म्हणाला सेफ राहायला पंचवीस तारीख देऊया की, तर ते पण चूक, समोरचा माणूस पंचवीस बघून दुसरीकडं कास्टिंग हलवायचा विचार सुरू करतो, आणि आठ दिवस आधी माल गेला की त्याला कळतं आपण तारीख हवेत दिली होती, पुढच्या वेळी तो आपल्या प्रत्येक तारखेतनं आठ दिवस वजा करून धरणार.

दुसरं काम, मेल पाठवायच्या आधी फोन. एकच प्रश्न विचारायला: तुमची असेंब्ली कधी लागणार आणि रोज किती नग लागतात. आम्ही विचारलं तर कळलं शनिवारपासून लागणार आणि रोज ४०. ह्या एका उत्तरानं आमचा सगळा प्लॅन बदलला. १६० तयार आहेत ते शुक्रवारी संध्याकाळी पाठवले तर शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार चार दिवस त्यांची लाईन चालते, आणि गुरुवारी सकाळी त्यांच्याकडं एक पण नग नाही. आमची तारीख गुरुवार दुपार! म्हणजे आपण सगळं प्रामाणिकपणे लिहून पण त्यांची लाईन अर्धा दिवस बंद पाडणार होतो. म्हणून मधला एक लॉट घातला: शुक्रवार-शनिवार मिळून ८६ नग कापून होतात, त्यातले ६० सोमवारी तपासून संध्याकाळी पाठवायचे, मंगळवारी सकाळी ते तिथं, त्यावर गुरुवार पूर्ण आणि शुक्रवार अर्धा निघतो. उरलेले ७४ गुरुवारी. १६० अधिक ६० अधिक ७४ म्हणजे २९४, आणि ६ गेलेले.

तीन लॉट म्हणजे तीन चलन आणि तीन ई-वे बिल हे विसरू नका. जॉबवर्कचा माल राज्याबाहेर जातोय, म्हणून ई-वे बिलाचं आधीच बघून ठेवा. बेळगाव ते कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटर, अडीच तासांचा रस्ता, पण कागद तयार नसला तर गाडी गेटवरच उभी राहते आणि मंगळवार सकाळची दुपार होते. बिल करणारा माणूस साडेपाचला घरी जात असेल तर ते पण तारखेच्या हिशोबात धरायचं.

आता मेलला हात लावू.

सुरुवात "उशीर झाला आहे" पासनं. आपल्या मराठीत एक सोय आहे, क्रियापद असं लावता येतं की करणारा माणूसच वाक्यातनं निघून जातो: उशीर झाला, नग राहिले, तपासणी झाली नाही, माल तयार होऊ शकला नाही. जणू पाऊस पडला तसं ते आपोआप घडलं. ओळखायची खूण सोपी आहे, प्रत्येक वाक्याला "कुणी?" असं विचारा, उत्तर वाक्यात सापडलं नाही तर ते वाक्य परत लिहायचं. "माल तयार होऊ शकला नाही" ह्याचं "आम्ही ३०० पैकी १६० नगच तयार केले". "तपासणी झाली नाही" ह्याचं "आम्ही तपासणी केली नाही". टाईप करताना हात थांबतो हे मला माहीत आहे, पण पर्चेसमधला माणूस रोज असले वीस मेल वाचतो, "आम्ही केली नाही" हे वाचल्यावर तो थांबतो आणि पुढचं खरं मानून वाचतो. आणि "आम्ही" म्हणजे आम्हीच, "आमच्या ऑपरेटरकडून" नाही. ऑपरेटरला पुढं करणं म्हणजे अजून एक पळवाटच आहे, कस्टमरनं काम ऑपरेटरला दिलेलं नाही.

मग कारणं. पहिल्या मेलमध्ये तीन कारणं आहेत, गणपती, लाईट, क्वालिटी. लाईट काढून टाका, तासभर गेली असेल, पण १४० नग तिच्यामुळं राहिले नाहीत, आणि एक फालतू कारण घातलं की खरं कारण पण फालतू वाटायला लागतं. गणपती ठेवायचा पण उलटा करून. गणपती कधी आहे हे ऑर्डर घेताना कॅलेंडरवर दिसतच होतं, पोरं गावाकडं जाणार हे आम्हाला दरवर्षी माहीत असतं, तरी आम्ही ११ तारीख दिली, म्हणजे चूक सुट्टीची नाही, तारीख देणाऱ्याची. "क्वालिटी इश्यू" ह्या शब्दात तर कस्टमरला भीती वाटेल एवढी मोकळी जागा आहे, त्याला वाटणार पाठवलेल्या मालात पण गडबड आहे काय. किती नग, काय चुकलं, त्याचं काय करणार, एवढं लिहिलं की भीती जाते. ऑफसेट किती दिला, टिप कुठल्या ग्रेडची, हे नको, ते विचारलं तर सांगायचं. कारण दोन-तीन वाक्यांत संपलं पाहिजे, त्याच्या पुढं गेलं की ते कारण राहत नाही, वकिली होते.

"त्रास झाला असल्यास" हे तर आधी खोडा. त्रास झालाय, आत्ताच फोनवर त्यांनी सांगितलं लाईन कधी लागणार. "असल्यास" लिहिलं की अर्थ असा होतो की झालाय की नाही ते तुम्ही सिद्ध करा. त्रास नाव घेऊन लिहा: "तुमचं असेंब्लीचं नियोजन आमच्यामुळं बदलावं लागतंय." माफीचा शब्द कुठला, तर "दिलगीर आहोत" सरकारी नोटीशीसारखं वाटतं, "क्षमस्व" दुकान बंदच्या पाटीवर असतं, मी सरळ "माफी मागतो" लिहितो, एकदाच. तीन-तीनदा माफी मागितली की समोरच्यावर "असू दे ओ" म्हणायची जबाबदारी पडते, आणि तो तसं म्हणायच्या मूडमध्ये नसतो.

तारखेचे शब्द जरा सांभाळून. "लवकरात लवकर", "एक-दोन दिवसात", "पुढच्या आठवड्यात" हे तर जाऊ देच, पण "परवा" पण नको. आपल्याकडं परवा दोन्हीकडं चालतो, झालेला पण आणि येणारा पण. कन्नडमध्ये येणारा तो नाडिद्दु आणि गेलेला तो मोन्ने, वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळं कन्नड बोलणाऱ्या स्टोअरकीपरला आपला "परवा" नुसता गोंधळात टाकतो, आणि बेळगावात एका मेलच्या साखळीत दोन्ही भाषांची माणसं असतातच. "पुढचा गुरुवार" ह्यावर तर मराठी माणसांचंच एकमत होत नाही, हा येणारा की त्याच्या पुढचा. वार आणि तारीख दोन्ही लिहा, म्हणजे एकात चूक असली तर दुसऱ्यानं पकडता येते. आणि गाडी सुटायची तारीख देऊ नका, त्यांच्या स्टोअरमध्ये पोचायची द्या, वेळेसकट. आमची "डिस्पॅच मंगळवार" आणि त्यांची "माल मंगळवारी येणार" ह्यावरनं झालेली भांडणं मी पुष्कळ बघितलीत.

"प्रयत्न राहील" ह्या शब्दांनी तारीख दिली तरी ती परत काढून घेतल्यासारखी होते. "पोचेल", "देतो", एवढंच.

एक गोष्ट मात्र लिहायची नाही, "तुमचं जे काय नुकसान होईल ते आम्ही भरून देऊ." भावनेच्या भरात हे लिहिलं जातं. चूक कबूल करणं वेगळं आणि न मोजलेल्या रकमेचा कोरा चेक देणं वेगळं. मेलच्या आधी पीओ म्हणजे त्यांची लेखी खरेदी ऑर्डर काढून उशिराच्या दंडाचं कलम वाचा, बऱ्याच पीओत दर आठवड्याला ठराविक टक्के आणि वर एक मर्यादा असं असतं. ते कलम आहेच, मेलमध्ये परत काढायची गरज नाही, आणि विचारलं तर नाकारायचं पण नाही. जे नक्की आपल्या अंगावर आहे, म्हणजे ती ६ कास्टिंग, ती मात्र आपणहून लिहायची, कारण ती त्यांची होती आणि आम्ही खराब केली.

अजून एक लक्षात ठेवा, हा मेल ज्याला पाठवता तो एकटा वाचत नाही. पर्चेसवाला तो प्रॉडक्शनला पुढं पाठवतो, प्रॉडक्शनवाला स्टोअरला. फोनवर काय बोललं ते त्यांना माहीत नसतं. म्हणून विषयाच्या ओळीतच पीओ नंबर, नग आणि तारीख, आणि मेल असा की फोनशिवाय समजावा.

आम्ही शेवटी पाठवला तो असा, पीओ नंबर काढून:

> विषय: ६२ बोअर हाऊसिंग ३०० नग, ११ सप्टेंबरची डिलिव्हरी चुकली, नवीन तारखा
>
> नमस्कार सर,
>
> ३०० हाऊसिंग आज, गुरुवार ११ सप्टेंबरला देतो म्हणून आम्ही सांगितलं होतं. ते आम्ही पाळलं नाही. आज १६० नग तयार आहेत.
>
> माल तुमच्या स्टोअरमध्ये असा पोचेल:
> शनिवार १३ सप्टेंबर, सकाळी ११ पर्यंत: १६० नग
> मंगळवार १६ सप्टेंबर, सकाळी ११ पर्यंत: ६० नग
> गुरुवार १८ सप्टेंबर, दुपारी १२ पर्यंत: ७४ नग
> रोजच्या ४० नगांप्रमाणे ह्यात तुमची असेंब्ली थांबणार नाही.
>
> चूक दोन ठिकाणी झाली, दोन्ही आमच्या. गणपतीत आमची दुसरी पाळी बंद असते हे माहीत असून आम्ही तारीख देताना धरलं नाही. आणि टूल बदलल्यावर पहिला नग आम्ही तपासला नाही, त्यामुळं ३४ नगांचा बोअर लहान आणि ६ नगांचा मोठा झाला. ३४ नग दुरुस्त करून शेवटच्या लॉटमध्ये वेगळी खूण करून देतो. ६ कास्टिंग वाया गेली, त्यांची किंमत आमच्या बिलातून वळती करा. नवीन ६ पाठवलीत तर मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत करून देतो.
>
> तयार असलेल्या १६० नगांचा बोअर आम्ही शंभर टक्के तपासला आहे, रिपोर्ट मालासोबत येईल. आजपासून टूल बदलल्यावर पहिला नग आणि नंतर प्रत्येक दहावा नग गेजनं तपासतो.
>
> तुमचं असेंब्लीचं नियोजन आमच्यामुळं विस्कळीत झालं, त्याबद्दल माफी मागतो. सोमवारी संध्याकाळी ६ च्या आत दुसऱ्या लॉटचा गाडी नंबर कळवतो.

क्रम बघा, आधी काय पाळलं नाही, लगेच तारखा, मग कारण, माफी खाली. माफी वर ठेवली की वाचणारा तारखेसाठी खाली उतरत जातो आणि उतरता उतरता चिडतो. "असेंब्ली थांबणार नाही" हे वाक्य फोनवर विचारलं म्हणून लिहिता आलं, न विचारता लिहू नका. आणि "वेगळी खूण" कशाला, तर दुरुस्त केलेला नग नव्यात मिसळून पाठवला आणि एखादा नापास निघाला तर सगळा लॉट परत येतो.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर पहिला परिच्छेद, तीन तारखा, आणि "कारण आणि ६ कास्टिंगचं सविस्तर मेलवर पाठवलंय" एवढंच. फोटो टाकायचा तर पॅक केलेल्या १६० चा टाका.

मेल गेला की काम संपत नाही, नवीन तारीख धोक्यात येतेय का हे कळायला एक आकडा ठरवून ठेवायचा. आमचा आकडा होता शनिवारी संध्याकाळी ८६. सत्तरच्या खाली असता तर शेवटच्या लॉटसाठी हातात ठेवलेला दिवस जवळजवळ संपला असता, आणि मग गुरुवारची वाट न बघता शनिवारीच फोन करायला लागला असता. शनिवारी ८१ निघाले. सोमवारी सगळं कटिंग झालं, जरा उशिरा, तो एक दिवस कामाला आला.

दुसऱ्यांदा तारीख हललीच तर परत एवढा मोठा मेल नको. "गुरुवारचे ७४ पैकी ५० गुरुवारीच पोचतील, २४ शुक्रवार १९ ला दुपारी १२ पर्यंत, कारण आम्ही रिवर्कला वेळ कमी धरला" एवढी एक ओळ, आणि ती ठरलेली वेळ उलटायच्या आदल्या दिवशी, नंतर नाही.

गुरुवारी पावणेबाराला माल पोचला. तेव्हा त्याच मेलला उत्तर म्हणून तीन चलनांचे नंबर, एकूण २९४, दुरुस्त केलेले ३४ कुठल्या पेटीत आहेत ते, आणि सहा कास्टिंगच्या डेबिट नोटची वाट बघतोय, एवढं लिहून पाठवलं. नवीन सहा कास्टिंग त्यांनी पुढच्या गाडीत टाकली.